लग्नपत्रिकेच्या फोटोला उत्तर (पत्रलेखन, इयत्ता ५ वी)

मोबाईलवर लग्नपत्रिकेचा फोटो येतो, सोबत एक ओळही नसते. मुलं म्हणतात, "काही विचारलंच नाही, मग उत्तर काय द्यायचं?" पण पत्रिका म्हणजेच 'येताय ना?' असा प्रश्न. नुसते हात जोडलेले चित्र पाठवले तर किती माणसं येणार हे कळत नाही, आणि जेवणाचा अंदाज तर त्यावरच असतो.

आधी फोटो मोठा करून नीट वाचावा. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' असते, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. लग्नाआधी तिला 'सौ.' लिहू नये. मुहूर्ताची वेळ ही अक्षता पडण्याची, त्याआधी पोहोचायचं असतं.

समजा, काकांनी ताईची पत्रिका पाठवली. हळद शनिवारी, लग्न रविवारी दुपारी १२.३५ ला. उत्तर असं लिहिता येईल:

"काका, पत्रिका पाहिली. ताईचं नाव छापलेलं बघून आजीने फोन हातातून सोडलाच नाही! आई, आजी आणि मी शनिवारी हळदीलाच येतो. बाबांना त्या दिवशी सुट्टी नाही, ते रविवारी अकरापर्यंत पोहोचतील. काही काम असेल तर हक्काने सांगा. ताईला म्हणावं, करवली तयार आहे."