चित्रपटाची रंगपट्टी



लेखाची सुरुवात एका लहानशा प्रयोगाने करू. एकाच करड्या कागदातून टपाल तिकिटाएवढे दोन तुकडे कापा. एक तुकडा गर्द पिवळ्या कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरा गर्द निळ्या कागदाच्या मधोमध. आता दोन्हींकडे एकदम पाहा. पिवळ्यावरचा करडा किंचित निळसर दिसेल आणि निळ्यावरचा किंचित पिवळसर. कागद तर एकच आहे! मग फरक कोठून आला?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांना नेमके हेच कोडे पडले होते. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या सुताचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी सूत तपासले, तेव्हा रंगात काहीच खोट निघाली नाही. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणल्यामुळे काळा निस्तेज दिसत होता. याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, तसाच आधी पाहिलेला रंगही फसवतो. लाल चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तेथे हिरवट निळा चौकोन तरंगताना दिसेल. लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनक्षमता तेवढ्या वेळात कमी झालेली असते. चित्रपटात तर एक दृश्य दुसऱ्यामागून येते. म्हणजे प्रत्येक दृश्याचा रंग आपण आधीच्या दृश्याच्या पार्श्वभूमीवर पाहत असतो. म्हणूनच एकेका दृश्याचे रंग सुटेसुटे ठरवून भागत नाही. सगळ्या चित्रपटाचे रंग एकाच पट्टीवर ओळीने मांडून पाहावे लागतात. या पट्टीला इंग्रजीत कलर स्क्रिप्ट म्हणतात. आपण तिला रंगपट्टी म्हणू.

१९९५ साली आलेल्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटासाठी राल्फ एगलस्टन यांनी पेस्टल खडूंनी अशी चित्रे काढली होती. २००९ सालच्या ‘अप’ची रंगपट्टी लू रोमानो यांनी केली. त्यातील कार्ल आणि एली यांच्या संसाराचा चारएक मिनिटांचा भाग संवादाशिवाय आहे. तेथे एलीच्या सोबतीचे दिवस उबदार, भरलेल्या रंगांत आहेत. ती गेल्यावर रंग ओसरतात आणि कार्लचे घर अंधुक होते. संवाद नसूनही काय घडले ते प्रेक्षकाला कळते.

रंगाचे तीन गुण

पट्टी करण्यापूर्वी रंगाचे तीन गुण वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला गुण वर्ण, म्हणजे रंग लाल आहे, पिवळा आहे की निळा. दुसरा उजळपणा, म्हणजे तो काळ्याच्या जवळ आहे की पांढऱ्याच्या. तिसरा भरीवपणा, म्हणजे तो शुद्ध आहे की करडा मिसळून मळकट झालेला. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांची याच तीन गुणांवर आधारलेली मोजणी मांडली. आपण उजळपणा आणि भरीवपणा यांना ० ते १० असे आपले साधे गुण देऊ.

नवशिके बहुधा वर्णाचाच विचार करतात: आनंद म्हणजे पिवळा, दुःख म्हणजे निळा. पण वर्णाला ठराविक अर्थ नसतो. कुंकू लाल असते आणि धोक्याचा दिवाही लालच असतो. भावनेचा चढउतार मुख्यतः उजळपणा आणि भरीवपणा यांच्या बदलातून जाणवतो. वर्ण त्याला दिशा देतो, इतकेच.

चार मिनिटांची गोष्ट

आता एक पट्टी प्रत्यक्ष तयार करू. समजा, आपला लघुपट २४० सेकंदांचा आहे आणि त्यात एकही संवाद नाही. कोकणातल्या एका खेड्यात सुमी आणि तिचा दादा राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर दादा नोकरीसाठी एस.टी.ने मुंबईला जातो आणि गणपतीला परत येतो.

४० सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे ६ सेकंद. कोणता रंग किती वेळ डोळ्यांसमोर राहतो, हे पट्टीवर तेवढ्याच लांबीने दिसले पाहिजे. प्रत्येक रंगाला दृश्यातच कारणही हवे: ऊन, ढग, दिवा, कपडे किंवा भिंत. कारणाशिवाय आलेला रंग प्रेक्षकाला खटकतो.

दृश्य १, सकाळ, अंगणात खेळ: ८ सें.मी. कोवळे ऊन, पिवळा आणि पोपटी. उजळपणा ७, भरीवपणा ६.

दृश्य २, दुपार, ट्रंक भरणे: ६ सें.मी. तोच पिवळा, पण उन्हाने विटलेला. उजळपणा ८, भरीवपणा ३.

दृश्य ३, एस.टी. थांबा, निरोप: ४ सें.मी. फिकट धूळ, उजळपणा ८, भरीवपणा १. तीत एस.टी.चा लाल, भरीवपणा ९.

दृश्य ४, पावसाचे दिवस, एकटी सुमी: १० सें.मी. निळसर करडा. उजळपणा ५ वरून ३ वर, भरीवपणा २.

दृश्य ५, रात्र, दादाचे पत्र: ५ सें.मी. जवळजवळ काळोख, उजळपणा १. मध्ये दिव्याचा लहानसा पिवळा ठिपका.

दृश्य ६, गणपतीची सकाळ, दादा येतो: ७ सें.मी. गर्द हिरवा, पहिल्या दृश्यातला पिवळा आणि पुन्हा एस.टी.चा लाल. भरीवपणा ८.

दुसऱ्या दृश्याकडे नीट पाहा. दादा अजून घरातच आहे, उजेडही वाढला आहे. पण भरीवपणा निम्म्यावर आला आहे. काहीतरी निसटते आहे, अशी हुरहूर येथेच सुरू होते. ही पायरी गाळून पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली, तर प्रेक्षकाला फक्त हवा बदललेली दिसते. सुमीचे मन दिसत नाही.

कोठे चुकते?

पोस्टर रंगांनी पट्टी रंगवली की पहिल्या खेपेस तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक चौथ्या दृश्यात होते. दुःख दाखवायचे म्हणून आपण बाटलीतला शुद्ध निळा फासतो. चौकोन सुंदर दिसतो, पण उदास दिसत नाही, कारण त्याचा भरीवपणा पहिल्या दृश्याहूनही जास्त झालेला असतो. निळ्यात थोडा नारिंगी मिसळा. विरुद्ध वर्ण मिसळल्याने निळा करडेपणाकडे झुकतो. मग हवा तेवढा काळा किंवा पांढरा घालून उजळपणा जुळवा.

दुसरी चूक पाचव्या दृश्यात. रात्र आहे म्हणून दिव्याच्या पिवळ्यातही आपण काळा मिसळतो, आणि तो शेवाळासारखा हिरवट होतो. पिवळा गडद केला की पिवळा राहत नाही. म्हणून पिवळा शुद्धच ठेवा, त्याचा आकार लहान करा आणि भोवतालचा काळोख वाढवा. चौथ्या दृश्यात पूर्ण मिनिटभर निळसर करडा पाहून डोळा त्याला सरावलेला असतो. त्यामुळे हा एवढासा ठिपकाही ऊबदार वाटतो, आणि पहिल्या दृश्यातल्या अंगणाची आठवण देतो.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची. पहिल्या दृश्यात सुमीला लाल रिबीन, दारात लाल जास्वंद आणि तिसऱ्या दृश्यात कोकणची तांबडी माती! मग एस.टी. येते तेव्हा लाल रंगात नवे काहीच उरत नाही. लाल एस.टी.साठी राखून ठेवा. रिबीन पांढरी करा, अंगण शेणाने सारवलेले दाखवा, आणि थांब्यावर तांबड्या मातीऐवजी भर दुपारच्या उन्हात पांढुरकी दिसणारी सडक घ्या.

आता गंमत पाहा. तिसऱ्या आणि सहाव्या दृश्यातला लाल एकाच बाटलीतला आहे. फिकट धुळीवर तो गडद आणि कठोर दिसतो. गर्द हिरव्यात तोच उजळ आणि ताजा दिसतो, कारण हिरवा त्याच्या उलट बाजूचा वर्ण आहे. एस.टी.ने दादाला नेले, तिनेच परत आणले. हे सांगण्यासाठी लाल बदलावा लागला नाही, शेजार बदलला.

पट्टीची परीक्षा

पट्टी भिंतीवर लावा आणि तीन मीटर दूर उभे राहून डोळे किलकिले करून पाहा. आकार पुसट होतील, रंग तेवढे राहतील. मग गोष्ट ठाऊक नसलेल्या मित्राला बोलवा. पट्टीखाली मनाच्या चढउताराची एक रेषा काढायला सांगा. ती दुसऱ्या दृश्यापासून उतरू लागली, चौथ्यात खाली राहिली, पाचव्यात किंचित हलली आणि सहाव्यात चढली, तर पट्टी बोलते आहे. रेषा जेथे चुकली, तेथील चौकोन दुरुस्त करा.

दुसरी परीक्षा उजळपणाची. पट्टीचे कृष्णधवल छायाचित्र घ्या. मोबाईलवरही ते घेता येते. सहाव्या दृश्यात एस.टी. झाडीत नाहीशी झालेली दिसेल! लालचा उजळपणा ४ आणि झाडीचा ३, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे करडे. काही लोकांना लाल-हिरवा फरक नीट ओळखता येत नाही, आणि असे पुरुष बरेच असतात. त्यांना एस.टी. ओळखणे असेच अवघड जाईल. एस.टी.च्या खाली पावसाने चकाकणारी सडक दाखवा, उजळपणा ८. मग लाल ओळखता आला नाही, तरी गाडीचा आकार उठून दिसेल.

या पट्टीची मर्यादाही ध्यानात ठेवा. दादा मुंबईला गेला की सैन्यात, हे रंग सांगू शकत नाहीत. ते चित्रांनीच सांगावे लागेल. मन कोठे उतरले, कोठे सावरले, एवढेच रंग सांगतात.

करून पाहा

१. सहा चौकोन सुटे कापा. तिसरा चौकोन पहिल्याशेजारी ठेवा, मग चौथ्याशेजारी ठेवा. लाल कोठे अधिक झणझणीत दिसतो? का?

२. दादा गणपतीला आलाच नाही, असा शेवट करा. पहिली पाच दृश्ये तशीच ठेवून फक्त सहावा चौकोन बदला. त्यात लाल घ्याल का? दिव्याच्या पिवळ्याचे काय कराल?

३. शिक्षकांनी वर्गाचे दोन गट करावेत. दोघांना एकच गोष्ट द्यावी, पण एका गटाला फक्त करड्या रंगाच्या छटा वापरायला सांगाव्यात. दोन्ही पट्ट्या शेजारी लावल्या की उजळपणाने किती काम केले आणि वर्णाने किती, हे मुलांना स्वतःच दिसेल.