एकूण ६४, तरी ऑनर्स अडकते

प्रश्न : मुलगा कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात गणित ऑनर्स करतो. एकूण सरासरी ६४.२ असूनही त्याला धोक्याची सूचना का? – एक पालक, बीड

उत्तर : तिथे दोन सरासऱ्या वेगवेगळ्या पाहतात. एकूण सरासरी ६० हवी आणि मुख्य विषयाचीही ६० हवी. समजा, गणिताच्या सहा पेपरांची सरासरी ५७ आणि इतर चार पेपरांची ७५ आहे. एकूण ६४.२ दिसते, पण गणित तीन गुणांनी मागे आहे. पुढच्या चार गणिती पेपरांत सरासरी ६४.५ मिळाली, तरच गणिताच्या दहा पेपरांची सरासरी ६० होईल. सोपे ऐच्छिक विषय घेतल्याने एकूण आकडा फुगेल, गणिताचा हलणार नाही. म्हणून निकालात मुख्य विषयाची सरासरी आधी पाहा आणि त्याने पुढच्या सत्राचे विषय निवडण्यापूर्वीच सल्लागाराला भेटावे.