टेम्पो कधी विकावा

चि. समीर यास,


टेम्पो आता काढावा की अजून ओढावा, हे विचारताना वहीतले आकडेही पाठवलेस, ते बरं केलंस. त्यांच्यावरच बोलू.

सहा लाखांच्या गाडीला चार वर्षांनी आज २ लाख ९० हजार येतात, म्हणजे घसाऱ्यात ३ लाख १० हजार गेले. दुरुस्तीला १५, २२, ३५ आणि ५० हजार, मिळून १ लाख २२ हजार. एकूण ४ लाख ३२ हजारांना चारने भागलं की वर्षाला १ लाख ८ हजार पडतात. ड्रायव्हरचा पगार यात धरू नकोस, नव्या गाडीलाही तो द्यावाच लागेल.

पहिल्या वर्षाअखेर हाच आकडा १ लाख ३५ हजार होता, कारण गाडीची किंमत त्या एका वर्षात १ लाख २० हजारांनी उतरली होती. पुढे ती घसरण मंदावली, म्हणून सरासरी खाली आली. आता दुरुस्ती तिला वर ओढणार. मिस्त्रीच्या अंदाजाने पाचव्या वर्षी ७० हजार लागतील आणि किंमत आणखी ४० हजारांनी उतरेल, म्हणजे वर्ष १ लाख १० हजारांना पडेल. सहाव्या वर्षी दुरुस्ती १ लाख आणि घसारा ३५ हजार. येणारं वर्ष सरासरीहून महाग पडत असेल, तर त्या वर्षात शिरू नये, हा साधा नियम. पाचवं वर्ष जेमतेम दोन हजारांनी महाग आहे, तेवढी चूक अंदाजातच असते. सहावं मात्र सरळ तोट्याचं.

तुझं चौथ्या वर्षाचं पासिंग नुकतंच झालंय. रंग, टायर, दिवे यांवर पैसे घातलेस, ते वर्षभर वापरून घे. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांचं मिळतं. पाचवं वर्ष संपताना विकलीस, तर घेणाऱ्याला वर्षभर पासिंगची चिंता नसेल आणि तो भाव फार पाडणार नाही.

दोन गोष्टी वहीत दिसत नाहीत. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेतोस, ते भाडं दुरुस्तीतच लिही. आणि नव्या गाडीची आजची किंमत विचार. ती बरीच चढली असेल, तर नवीची सरासरीही चढी निघेल आणि जुनी आणखी काही महिने चालवणं परवडेल.

मधेच निळसर धूर येऊ लागला, दर आठवड्याला ऑइल भरावं लागलं, तर मिस्त्री इंजिन खोलायला सांगेल. तेव्हा ‘आत्ताच एवढे पैसे घातलेत’ म्हणून होकार देऊ नकोस, गेलेला पैसा या हिशेबात येत नाही. आहे तशी विकली तर किती आणि इंजिन करून विकली तर किती, हे दोन भाव जुन्या गाड्यांच्या एजंटाकडून आधी काढ. फरक इंजिनाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर आहे तशीच विक, आणि घेणाऱ्याला दोष सांगून विक.

तुझा,
काका