प्रसूती संरक्षण : प्रतीक्षा कालावधी आणि वगळणूक यांविषयी ग्राहकाला उत्तर देताना

आरोग्य विम्यातील प्रसूती संरक्षणाबद्दल ग्राहकांची जी पत्रे विमा कंपन्यांच्या तक्रार विभागात येतात, त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी दावा नाकारल्याच्या रागापेक्षा वेगळी एक अडचण असते : दावा आज नाकारला गेला आहे की तो कधीच मिळणार नव्हता, हे ग्राहकाला नकाराच्या पत्रावरून समजलेले नसते. प्रतीक्षा कालावधी म्हणजे पॉलिसीत समाविष्ट असलेला एखादा लाभ सुरू होण्यापूर्वी अखंड विम्यात काढावी लागणारी मुदत होय. वगळणूक म्हणजे तो खर्च कराराच्या कक्षेबाहेर आहे, आणि कितीही वर्षे हप्ते भरले तरी आपोआप आत येणार नाही, अशी अट होय. व्याख्या इतक्या सरळ असूनही गोंधळ होतो, आणि त्याचा दोष ग्राहकाच्या समजुतीकडे कमी व पॉलिसी दस्तऐवजाच्या मांडणीकडे अधिक जातो.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 2019 साली आरोग्य विम्यातील वगळणुकींची भाषा प्रमाणित केली आणि ऑक्टोबर 2020 पासून ती जुन्या पॉलिसींनाही लागू झाली. या प्रमाणित यादीत प्रत्येक वगळणुकीला एक संकेतांक आहे. त्यांतील पहिले तीन, म्हणजे आधीपासून असलेला आजार, ठरावीक आजार व शस्त्रक्रिया, आणि पॉलिसीचे पहिले तीस दिवस, हे वास्तविक प्रतीक्षा कालावधी आहेत. परंतु ते ज्या यादीत छापले जातात त्याच यादीत पुढे सौंदर्योपचार, वंध्यत्वावरील उपचार यांसारख्या कायमच्या वगळणुकी येतात आणि अठराव्या क्रमांकावर प्रसूती येते. मुदतीनंतर संपणारी अट आणि न संपणारी अट अशा रीतीने एकाच मथळ्याखाली, एकाच आकाराच्या अक्षरांत उभ्या राहतात. ही रचना कायद्याच्या दृष्टीने सोयीची असेल, पण सामान्य वाचकाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी आहे, असे म्हणणे भाग आहे.

प्रसूतीच्या बाबतीत गुंता आणखी एका कारणाने वाढतो. अठराव्या वगळणुकीत बाळंतपणाशी संबंधित वैद्यकीय खर्च, त्यात गुंतागुंतीची प्रसूती व सिझेरियनही, आणि कायदेशीर गर्भपाताचा खर्च यांचा उल्लेख असतो. आणि ज्या पॉलिसीत प्रसूती लाभ दिलेला असतो, तिच्यातील प्रसूती खर्चाची व्याख्याही जवळजवळ याच शब्दांत असते. ज्या पॉलिसीत हा लाभ नाही, तिथे अठरावी वगळणूक पूर्णपणे लागू असते. ज्या पॉलिसीत लाभ आहे, तिथे ती लाभाच्या मर्यादेपुरती बाजूला ठेवलेली असते, आणि मग लाभाच्या कलमातच चोवीस किंवा छत्तीस महिन्यांसारखा स्वतंत्र प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो. म्हणून उत्तर लिहिणाऱ्याने वगळणुकींचे प्रकरण उघडण्याआधी पॉलिसीचे शेड्यूल, म्हणजे त्या विशिष्ट ग्राहकाने कोणते लाभ कोणत्या रकमेपर्यंत घेतले आहेत ते सांगणारे पहिले पान, पाहावे. तिथे प्रसूती लाभासमोर रक्कम आहे की तो लागू नसल्याची नोंद आहे, यावरून पुढचे सगळे ठरते.

या क्रमाचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सोलापुरातील एका नोकरदाराने 2019 पासून पाच लाख रुपयांची वैयक्तिक पॉलिसी चालू ठेवली होती, आणि लग्नानंतर 15 जुलै 2022 च्या नूतनीकरणाला पत्नीचे नाव जोडून ती कौटुंबिक केली, ज्यात चोवीस महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर पन्नास हजार रुपयांपर्यंतचा प्रसूती लाभ होता, असे धरू. 3 जून 2024 रोजी पत्नीचे सिझेरियन झाले, बिल चौऱ्याऐंशी हजारांचे आले आणि दावा नाकारला गेला. नकाराच्या पत्रात ‘प्रतीक्षा कालावधी अपूर्ण’ असेही लिहिले होते आणि अठराव्या वगळणुकीचा संकेतांकही घातला होता. त्यावर ग्राहकाने विचारले की पाच वर्षे हप्ते भरले असताना प्रतीक्षा कसली, पत्नीच्या नावावरही दोन हप्ते गेले असताना दोन वर्षे अपुरी कशी, आणि प्रसूती वगळलेलीच असेल तर ही पॉलिसी बंद करून दुसरी का घेऊ नये.

तिन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे आहेत. प्रतीक्षा ही सामान्यतः प्रत्येक विमाधारक व्यक्तीसाठी तिचे नाव पॉलिसीत आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे पतीची 2019 पासूनची वर्षे पत्नीच्या प्रसूतीसाठी धरता येत नाहीत. काही पॉलिसी तर पती व पत्नी दोघेही त्या मुदतीत अखंड विम्यात असावेत अशी अट घालतात. दुसऱ्या प्रश्नात हप्त्यांची संख्या आणि महिन्यांची संख्या यांची गल्लत आहे, आणि ही गल्लत फार सामान्य आहे : वार्षिक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो, म्हणून जुलै 2023 मध्ये दुसरा हप्ता भरताना प्रत्यक्षात एकच वर्ष पूर्ण झालेले असते. चोवीस महिने 14 जुलै 2024 रोजी पुरे होणार होते आणि प्रसूती त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी झाली. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे चुकीचे उत्तर ग्राहकाचे पुढचे नुकसान करते. या पॉलिसीत प्रसूती वगळलेली नाही. प्रतीक्षा त्या प्रसूतीसाठी अपुरी पडली, एवढेच. विमा अखंड ठेवला तर 15 जुलै 2024 पासूनच्या प्रसूतीला पन्नास हजारांपर्यंत रक्कम मिळेल, आणि तेवढ्याच बिलापैकी उरलेले चौतीस हजार कुटुंबाला भरावे लागतील, कारण प्रसूती लाभाची मर्यादा पाच लाखांच्या विमा रकमेहून वेगळी असते. उलट पॉलिसी सोडून नव्याने सुरुवात केली, तर जवळजवळ पुरी झालेली प्रतीक्षा वाया जाऊन मोजणी पुन्हा शून्यापासून होऊ शकते.

अशा ग्राहकाला द्यायचे उत्तर पुढील धर्तीचे असावे : ‘आपल्या पॉलिसीत प्रसूती लाभ समाविष्ट आहे. तो आपल्या पत्नीसाठी 15 जुलै 2022 पासून चोवीस महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतो. 3 जून 2024 ची प्रसूती या मुदतीच्या आत झाल्यामुळे हा दावा देय नाही. विमा खंड न पडता चालू राहिल्यास 15 जुलै 2024 पासूनच्या प्रसूतीसाठी पन्नास हजार रुपयांपर्यंतचा लाभ उपलब्ध राहील. आधीच्या पत्रातील अठराव्या वगळणुकीचा उल्लेख या दाव्याला लागू नाही.’ यातील शेवटचे वाक्य लिहिण्यास कचेऱ्या कचरतात, कारण त्यात आधीच्या पत्रातील चूक मान्य होते. पण ते नसेल तर ग्राहकाच्या हाती परस्परविरोधी दोन पत्रे उरतात, आणि विमा लोकपालापुढे त्यांपैकी कोणते वाचले जाईल हे कंपनीच्या हाती नसते. तारखेशिवाय ‘प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्यानंतर’ एवढेच लिहिणेही पुरेसे नाही. मोजणीचा पहिला दिवस आणि लाभ सुरू होण्याचा दिवस हे दोन्ही लिहिले पाहिजेत.

मोजणी करताना एक बारकावा तपासावा लागतो. बहुतेक कलमांत प्रतीक्षेची कसोटी प्रसूतीच्या किंवा रुग्णालयात दाखल होण्याच्या तारखेवर असते, म्हणजे गर्भधारणा प्रतीक्षेच्या काळात झालेली असली तरी चालते. पण एखाद्या पॉलिसीत गर्भधारणाच प्रतीक्षेनंतरची असावी असे लिहिलेले असू शकते, आणि तिथे डिस्चार्ज कार्डावरील शेवटच्या पाळीची तारीख निर्णायक ठरते. म्हणून कोणत्या तारखेवर कसोटी आहे ते त्या पॉलिसीच्या कलमातूनच वाचून लिहावे, सवयीने नव्हे.

याच्या उलट दिशेचे उत्तर अधिक घातक असते, आणि ते बहुधा सौजन्यापोटीच दिले जाते. ज्या पॉलिसीत प्रसूती लाभ मुळातच नाही, तिच्या ग्राहकाला दूरध्वनीवर ‘सध्या मिळणार नाही’ असे मऊ शब्दांत सांगितले जाते. ग्राहक त्याचा अर्थ ‘पुढे मिळेल’ असा घेतो, त्या भरवशावर पुढची दोन नूतनीकरणे करतो, आणि बाळंतपणाच्या वेळी अठरावी वगळणूक पहिल्यांदा त्याच्यासमोर येते. अशा ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे लागते की या पॉलिसीत प्रसूती खर्च मिळणार नाही, नूतनीकरणाने त्यात बदल होणार नाही, आणि तो हवा असल्यास लाभ असलेली योजना किंवा उपलब्ध असेल तर तसा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे पूरक संरक्षण, घेऊन त्याची प्रतीक्षा तिथून मोजावी लागेल. आधीच्या पॉलिसीत नसलेल्या लाभासाठी आधीची वर्षे जमेस धरली जाण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. 2024 च्या बदलानंतर पाच वर्षांवर आलेल्या मोरॅटोरियमविषयीही असाच गैरसमज आढळतो. साठ महिने अखंड विमा झाल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, एवढाच त्या तरतुदीचा आशय आहे. कायमची वगळणूक तिने विरघळत नाही.

मात्र ‘वगळणूक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तिची हद्दही वाचली पाहिजे. अठराव्या वगळणुकीतून गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, जिला एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणतात, स्पष्टपणे बाहेर ठेवलेली आहे, आणि गर्भपात अपघातामुळे झाला असेल तर तोही त्या वगळणुकीत येत नाही. गर्भनलिकेत रुजलेला गर्भ वाढून नलिका फुटल्यास पोटात रक्तस्राव होतो आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. प्रसूती लाभ नसलेल्या पॉलिसीच्या पाचव्या महिन्यात असे घडले, तर हा दावा इतर कोणत्याही तातडीच्या शस्त्रक्रियेसारखा तपासला जातो. त्या वेळी पहिल्या तीस दिवसांची प्रतीक्षा संपलेली असते आणि प्रसूती लाभाची पन्नास हजारांसारखी मर्यादा लागू होत नाही, म्हणून इतर अटी पूर्ण होत असतील तर तो विमा रकमेपर्यंत देय ठरतो. कागदावर ‘गर्भधारणा’ हा शब्द दिसताच अठरावा संकेतांक टाकण्याची दावा विभागातील सवय नेमकी इथे उघडी पडते, आणि अशा प्रकरणात ग्राहकाला वगळणूक समजावून सांगण्याऐवजी दावाच पुन्हा तपासणीला पाठवावा लागतो.

ग्राहकाने स्वतः पडताळणी करायची असल्यास पूर्ण दस्तऐवजापेक्षा ग्राहक माहिती पत्रक सोयीचे असते, कारण त्यात वगळणुकी आणि प्रतीक्षा कालावधी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात, आणि मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत देणे अपेक्षित आहे. मराठी ग्राहकाच्या पत्राला उत्तर देताना ते मराठीत जोडावे आणि संबंधित रकान्याचा क्रमांक उत्तरात लिहावा. तरीही समाधान न झाल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते मान्य नसल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे अर्जासोबत शेड्यूल, नकाराचे पत्र आणि प्रसूतीची तारीख दाखवणारे डिस्चार्ज कार्ड जोडलेले असले, तर प्रश्न प्रतीक्षेचा आहे की वगळणुकीचा, हे त्या तीन कागदांवरूनच ठरू शकते.