शंका-समाधान : गडचांदूर, सिमेंट आणि लायसन्स

शंका : आमच्या गावाचे नाव गडचांदूर. शाळेच्या वार्षिक अहवालात मी ‘गडचांदूरात’ लिहिले, तर सहकाऱ्याने ते ‘गडचांदुरात’ केले. गावाचे नाव असे मधेच बदलायचे का? आणि काही जण ‘चान्दूर’ लिहितात, ते चालेल का?
— एक शिक्षक, गडचांदूर

समाधान : आपल्या सहकाऱ्यांचे बरोबर आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. आजचे औपचारिक लेखन याच १८ नियमांवर चालते. त्यांनुसार मराठी शब्द अकारांत असेल तर त्याच्या शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा आणि सामान्यरूप होताना तो ह्रस्व करायचा. फूल-फुलात, वकील-वकिलांना, तसेच गडचांदूर-गडचांदुरात.

कारण उच्चारात सापडते. ‘चांदूर’ म्हणताना शेवटच्या ‘र’मधला अ आपण उच्चारतच नाही, त्यामुळे आधीचा ऊ लांबतो. ‘चांदुरात’ म्हणताना रा पूर्ण उच्चारला जातो आणि उ आखडतो. म्हणून खूण सोपी आहे. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा लागली की आधीचा उकार ह्रस्व. ‘गडचांदूरला’, ‘गडचांदूरहून’, ‘गडचांदूरकर’ यांत ‘र’ तसाच राहतो, म्हणून दूही दीर्घच राहतो. गावाचे नाव यात बदलत नाही, मराठी नामाला जे होते तेच त्याला होते. ‘चंद्रपूर’चेही असेच : चंद्रपूरला, पण चंद्रपुरात. संस्कृतात ‘पुर’ ह्रस्व आहे, तरी ग्रामनामात तो दीर्घ लिहावा असा महामंडळाचा वेगळा नियम आहे.

मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द या नियमातून वगळले आहेत. ‘शरीर’चे ‘शरीरात’ होते, ‘शरिरात’ नव्हे. अनुस्वाराचा निकालही याच भेदावर लागतो. अनुस्वाराऐवजी पुढच्या अक्षराच्या वर्गाचे अनुनासिक जोडण्याची, म्हणजे परसवर्णाची, मुभा फक्त तत्सम शब्दांना आहे. त्यामुळे ‘चन्द्र’ चालेल, ‘चान्दूर’ चालणार नाही. मी स्वतः ‘चंद्र’च लिहीन, म्हणजे एकाच अहवालात दोन पद्धती दिसणार नाहीत.

शंका : आमच्या भागात कागदोपत्री ‘सिमेंट’ हा शब्द रोज लिहावा लागतो. सिमेंट, सीमेंट की सिमेन्ट? एक टिपण लिहिताना ‘लायसंस’ लिहिले तर वरिष्ठांनी खोडले. दोन्ही इंग्रजी शब्द, मग एकाला अनुस्वार आणि दुसऱ्याला अर्धा न का?
— एक लिपिक, कोरपना तालुका

समाधान : ‘सिमेंट’ लिहा. शब्द तत्सम नाही, म्हणून परसवर्ण नको. ‘सि’ शेवटून दुसरे अक्षर नाही, त्यामुळे दीर्घत्वाचा नियम त्याला लागत नाही आणि उच्चारही आखूडच आहे. ‘कंपनी’, ‘पंप’, ‘पेंट’ हे सगळे याच वाटेने जातात.

‘लायसन्स’ची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या वरिष्ठांनी ती अचूक हेरली आहे. मराठीत ट, प, द यांच्याआधीचा अनुस्वार आपण ण्, म्, न् असा उच्चारतो. पण य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्याआधी आला की त्याचा उच्चार पालटतो. ‘संसार’ म्हणून पाहा, पहिल्या स नंतर स्वच्छ न ऐकू येत नाही, नाकातून निघणारा व-सारखा ध्वनी येतो. ‘लायसंस’ लिहिले तर मराठी वाचक तसेच वाचेल. इंग्रजी शब्दात मात्र तिथे स्पष्ट न आहे. म्हणून लायसन्स, इन्शुरन्स, इन्स्पेक्टर यांत अर्धा न लिहावाच लागतो. इंग्रजी शब्दात अनुनासिकानंतर स किंवा श आला की आधी उच्चार करून पाहावा, मग लिहावे.

ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत मराठीत मुरलेले शब्द मराठीचेच नियम पाळतात : पोलीस-पोलिसांनी, नोटीस-नोटिशीत, तिकीट-तिकिटाला. ‘ऑफिस’वर वाद आहे. नियम ‘ऑफीस’कडे नेतो, रूढी ‘ऑफिस’कडे. औपचारिक कागदात ‘कार्यालय’ हा सर्वांना कळणारा शब्द असताना हा वाद ओढवून घेऊ नये, असे माझे मत आहे.

शंका : अर्जात ‘मुख्याधिकाऱ्याच्या आदेशानुसार’ लिहिले. अधिकारी एकच आहेत, तरी अनुस्वार हवा का?

समाधान : हवा. नियमाने आदरार्थी बहुवचनालाही अनुस्वार सांगितला आहे. ‘मुख्याधिकाऱ्यांच्या आदेशानुसार’ असेच लिहा. अनुस्वार गळला तर एकवचन होते आणि अधिकाऱ्यांचा एकेरी उल्लेख होतो. अर्ज देण्यापूर्वी निदान पदनामांवरचे अनुस्वार तरी पुन्हा तपासून घ्या.