अ‍ॅनोव्हा पास झाला, पण लेबलवर काय छापायचं?

मागच्या व्हिडिओत आपण वन-वे अ‍ॅनोव्हा बघितला. त्यानंतर एका प्रेक्षकाने व्हॉट्सअ‍ॅपवर मला एक फोटो पाठवला. हे दादा व्हर्मीवॉश तयार करून नर्सरीवाल्यांना विकतात. त्यांनी रोपांच्या तीन गटांवर चाचणी करून घेतली होती: एकाला नुसतं पाणी, एकाला जुनं मिश्रण, एकाला नवं. आकडेमोड ज्याने करून दिली त्याने एक छापील कागद हातात ठेवला, आणि दादांनी त्याचा फोटो काढून मला विचारलं, "सर, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आलीय. आता लेबलवर 'साध्या पाण्यापेक्षा जास्त वाढ' असं छापू ना? प्रिंटरला उद्या ऑर्डर द्यायची आहे."

मी म्हटलं, दादा, एक दिवस थांबा.

त्यांचे आकडे त्यांच्या धंद्याचे आहेत, ते इथे देत नाही. पण नेमका तोच पेच असलेला डेटा आर सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच असतो. त्याचं नाव `PlantGrowth`. अ‍ॅनेट डॉबसन यांच्या १९८३ च्या पुस्तकातून तो घेतलेला आहे. तीन गट, प्रत्येकात १० रोपं, आणि मोजलंय काय, तर रोपं वाळवल्यावरचं वजन. `ctrl` म्हणजे काहीच न दिलेला गट, `trt1` आणि `trt2` म्हणजे दोन वेगवेगळे उपचार. व्हिडिओत मी याचाच कागद छापून, मोबाइलने फोटो काढून दाखवलाय. घरी करून बघायचं तर एवढंच टाइप करा:

```
m <- aov(weight ~ group, data = PlantGrowth)
summary(m)
TukeyHSD(m)
```

तिन्ही गटांची सरासरी अशी येते: `ctrl` ५.०३२, `trt1` ४.६६१, `trt2` ५.५२६. अ‍ॅनोव्हाची पी-व्हॅल्यू ०.०१५९. म्हणजे अ‍ॅनोव्हा पास. इथेच बहुतेक लोक पेन खाली ठेवतात.

पण अ‍ॅनोव्हाला आपण विचारलं होतं काय? "या तिन्ही गटांची खरी सरासरी एकच असेल का?" त्याने उत्तर दिलं, "तसं वाटत नाही." बस. कोण कोणापेक्षा वेगळा, हे त्याने सांगितलेलंच नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ओरडलं एवढं बाहेर ऐकू आलं, पण कोण कुणावर ओरडलं ते आत गेल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. आत जायचं म्हणजे जोडी-जोडीने तुलना करायची. फोटोतला दुसरा तक्ता त्यासाठीच आहे:

```
            diff        lwr       upr     p adj
trt1-ctrl -0.371 -1.0622161 0.3202161 0.3908711
trt2-ctrl  0.494 -0.1972161 1.1852161 0.1979960
trt2-trt1  0.865  0.1737839 1.5562161 0.0120064
```

आता हा तक्ता सावकाश वाचू. `diff` म्हणजे पहिल्या नावाच्या गटाची सरासरी वजा दुसऱ्याची. `lwr` आणि `upr` म्हणजे खरा फरक जिथपासून जिथपर्यंत असू शकतो ती दोन टोकं. `p adj` म्हणजे अ‍ॅडजस्ट केलेली पी-व्हॅल्यू.

फोटोवरून वाचताना आधी एक काम करा. सरासऱ्या घ्या आणि फरक स्वतः काढा. ५.५२६ वजा ५.०३२ बरोबर ०.४९४, जुळलं. ४.६६१ वजा ५.०३२ बरोबर उणे ०.३७१, हेही जुळलं. हे मी उगाच सांगत नाही. फोटोत ट्यूबलाइटची चकाकी पडली की सगळ्यात आधी उणे चिन्ह गायब होतं. मग `trt1` काहीच न दिलेल्या गटापेक्षा खाली गेलाय, हे न कळता तो वर गेलाय असं तुम्ही वाचता! तसंच, तिन्ही गटांत रोपं सारखी असतील तर तिन्ही ओळींत `lwr` ते `upr` हे अंतर सारखंच यायला हवं. इथे प्रत्येक टोक मधल्या फरकापासून ०.६९१ वर आहे. एखाद्या ओळीत तसं नसेल तर आकडा चुकीचा वाचलाय असं समजा.

आता मुद्द्याची गोष्ट. ०.०५ च्या खाली फक्त शेवटची ओळ आहे, `trt2` विरुद्ध `trt1`, ०.०१२. बाकी दोन्ही ओळी काहीच न दिलेल्या गटाबरोबरच्या आहेत, आणि दोन्ही वर आहेत. म्हणजे अ‍ॅनोव्हाला जो आवाज ऐकू आला तो दोन उपचारांमधल्या अंतराचा होता. एक जरा खाली गेला, दुसरा जरा वर गेला, दोघांमध्ये मोठी दरी पडली. काहीच न दिलेला गट मात्र मध्येच आहे, आणि त्याच्यापासून दोघांचंही अंतर चाचणीला ठामपणे सांगता आलेलं नाही.

दादांच्या कागदावर हेच होतं. नवं मिश्रण जुन्यापेक्षा सरस, हे चाचणीने दाखवलं. पण लेबलवर छापायचं होतं "साध्या पाण्यापेक्षा". ती ओळ पास झालेलीच नव्हती.

हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी स्वाभाविक होता: "सर, हे अ‍ॅडजस्ट करण्यामुळे माझा आकडा खराब झाला का? साधी पी-व्हॅल्यू घेतली तर चालेल ना?"

अ‍ॅडजस्ट का करतात ते आधी बघू. एका तुलनेत, प्रत्यक्षात फरक नसताना "फरक आहे" असं निघण्याची ५ टक्के जोखीम आपण घेतो. तीन तुलना केल्या तर त्यातली निदान एक तरी अशी फसवी निघण्याची शक्यता वाढते. तिन्ही एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असत्या तर ती साधारण १४ टक्के झाली असती. इथे गट तेच तेच वापरलेत म्हणून थोडी कमी, पण ५ टक्के नक्कीच नाही. टूकीची पद्धत सगळ्या जोड्या मिळून ही जोखीम ५ टक्क्यांवर आणते, म्हणून प्रत्येक जोडीची पी-व्हॅल्यू थोडी वाढते.

आता दादांच्या प्रश्नाचं उत्तर हिशोबाने काढू. अ‍ॅनोव्हाच्या तक्त्यात `Residuals` ओळीत `Mean Sq` आहे ०.३८८६. त्याची दुप्पट करून १० ने भागा, ०.०७७७. त्याचं वर्गमूळ ०.२७९. आता फरक ०.४९४ ला याने भागा, १.७७ येतं. एक्सेलच्या सेलमध्ये हे टाका:

```
=T.DIST.2T(1.772,27)
```

२७ म्हणजे ३० रोपं वजा ३ गट. उत्तर येतं ०.०८८. म्हणजे अजिबात अ‍ॅडजस्ट न करतासुद्धा हा आकडा ०.०५ च्या वरच आहे. दोष टूकीचा नाही, चाचणीतच तेवढा दम नव्हता.

हाच हिशोब आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. दादांच्या फोटोत शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर त्यांचा अंगठा आला होता, त्यामुळे `adj` लिहिलंय की नाही तेच दिसत नव्हतं. अशा वेळी एका ओळीची साधी पी-व्हॅल्यू वर केली तशी काढा. फोटोतला आकडा तिच्याएवढाच असेल तर अ‍ॅडजस्ट केलेलं नाही, मोठा असेल तर केलेलं आहे. आपल्या उदाहरणात साधी ०.०८८ आणि फोटोत ०.१९८, म्हणजे केलेलं आहे. आणि एकदा केलेलं असेल तर पुन्हा करायचं नाही हं! काही जण अ‍ॅडजस्ट केलेल्या आकड्याला पुन्हा ३ ने गुणतात, किंवा ०.०५ ला ३ ने भागून त्याच्याशी ताडून बघतात. हा दुहेरी दंड झाला. अ‍ॅडजस्ट केलेली पी-व्हॅल्यू सरळ ०.०५ शी ताडायची.

दुसऱ्या कुणाकडून छापून घेतलं आणि तिथे ०.१७५ दिसलं तर घाबरू नका. होल्मच्या पद्धतीने याच ओळीला तो आकडा येतो, बॉनफेरोनीने ०.२६३. पद्धत कुठली ते विचारून घ्या. पण तिन्ही पद्धती लावून बघायच्या आणि आवडेल ती निवडायची, हे मात्र चालणार नाही.

आता उलट बाजूची चूक. मी एवढं सांगितल्यावर दादा एकदम खट्टू झाले, "म्हणजे माझं औषध पाण्यासारखंच आहे?" तसंही नाही! `trt2-ctrl` ओळीची दोन टोकं बघा: उणे ०.१९७ ते १.१८५. काहीच न दिलेल्या गटाची सरासरी ५.०३२ धरली तर याचा अर्थ असा की खरा फरक ४ टक्के घट ते जवळजवळ २४ टक्के वाढ, यात कुठेही असू शकतो. २४ टक्के वाढ ही कुठल्याही नर्सरीवाल्याला हवीच असेल. चाचणी फक्त एवढंच म्हणतेय की "मला अजून नक्की सांगता येत नाही." फरक दिसला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच या तक्त्यात `ctrl` दोघांपासून वेगळा ठरत नाही, तरी ते दोघे एकमेकांपासून वेगळे ठरतात. शाळेतल्या गणिताच्या हिशोबाने हे विचित्र वाटतं, पण इथे आपण "बरोबर" हे चिन्ह कुठेच सिद्ध केलेलं नाही.

मग पुढे किती रोपं लावायची? ढोबळ अंदाज सांगतो. रोपारोपातला फरक, म्हणजे ०.३८८६ चं वर्गमूळ, आहे ०.६२. आपल्याला पकडायचाय ०.४९४ चा फरक. दोनच गट ठेवले, नुसतं पाणी आणि नवं मिश्रण, तर प्रत्येक गटात साधारण २६ रोपं लागतील, म्हणजे तेवढा फरक खरोखर असेल तर ८० टक्के वेळा तो सापडेल. तिन्ही गट ठेवून टूकीच वापरायची तर तिशी ओलांडावी लागेल. दहा-दहा रोपांत तो सापडणं हा बराचसा नशिबाचा भाग होता. आणि एक लक्षात ठेवा, ०.४९४ हा आकडासुद्धा याच छोट्या चाचणीतून आलाय. खरा फरक त्याहून कमी असेल तर रोपं आणखी लागतील.

जास्त गट असतील आणि तुम्हाला प्रत्येकाची तुलना फक्त नुसत्या पाण्याशीच करायची असेल, तर ते चाचणीआधीच कागदावर लिहा आणि डनेटची पद्धत वापरायला सांगा. तुलना कमी होतात, म्हणून दंडही कमी बसतो. आकडे बघून झाल्यावर "मला तर फक्त याच जोड्या हव्या होत्या" म्हणायचं नाही.

दादांनी प्रिंटरची ऑर्डर थांबवली. सध्या लेबलवर "आमच्या आधीच्या मिश्रणापेक्षा सुधारित" एवढंच जाणार आहे, कारण तेवढंच त्यांच्या तक्त्यात आहे. नवी चाचणी ते दोन गटांत, ३० - ३० रोपांवर लावतायत, चार-पाच मेली तरी पुरतील म्हणून. या वेळी कागदाचा फोटो अंगठा बाजूला ठेवून काढा, असं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.