उशिराचं जड जेवण आणि रात्रभर धावणारी नाडी

वस्तीतली एक कॉलेजला जाणारी मुलगी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, आईच्या हृदयात काही बिघाड आहे का बघा ना. झोपेतसुद्धा तिची नाडी सत्तर दाखवते. माझी तर पंचावन्न असते." तिने स्वतःच्या हातातला बँड आठवडाभर आईला घालायला दिला होता. आईचं वय त्रेचाळीस. बीपी, शुगर तपासलेली, दोन्ही ठीक. कसलंही औषध चालू नाही. तरी रोज सकाळी उठल्यावर थकवा.

मी आईला आधी विचारलं, "रात्री जेवता कधी?"

ती हसली. "ताई, सगळ्यांचं झाल्यावर. अकरा वाजतातच. मग उरलेला भातही मीच संपवते, टाकायचा कसा? साडेअकराला आडवी होते आणि पाचला पाणी येतं म्हणून उठते."

मग आम्ही तिघींनी बँडवरचा रात्रीचा आलेख उघडला.

निरोगी माणूस झोपला की नाडी हळूहळू खाली येते, साधारण मध्यरात्रीनंतर सर्वांत कमी होते आणि पहाटे पुन्हा थोडी वर चढते. दोन्ही टोकांना बांधलेल्या झोळीसारखा तो आलेख दिसतो. या बाईंचा आलेख झोळीसारखा नव्हता. तो रात्रभर उतरणाऱ्या घाटासारखा होता. झोपताना नाडी वर, मग सावकाश उतरत उतरत सर्वांत कमी आकडा, ६६, आला तो पहाटे पाचच्या सुमारास. म्हणजे शरीराला खरा विसावा मिळायला लागला आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं.

असं का होतं? पोटात अन्न पडलं की जठर आणि आतड्यांना जास्त रक्त लागतं. ते पोचवण्यासाठी हृदयाला जास्त काम करावं लागतं, म्हणून ठोके वाढतात. जेवण जितकं मोठं, तितकी ही वाढ जास्त आणि जास्त वेळ टिकणारी. भरपूर भात, चपाती-भाजी असं पोटभर जेवण जठरातून पुढे सरकायला चारेक तास सहज लागतात. तेलकट किंवा मटणाचं जेवण असेल तर त्याहून जास्त. शिवाय अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते. झोप गाढ लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं आणि इथे तर चूल पेटलेलीच राहते. साडेअकराला झोपलेल्या बाईचं हृदय तीन-साडेतीनपर्यंत पचनाच्या कामावर हजर असतं.

बँडवर आणखी एक आकडा असतो, HRV. नाडी ६० असली तरी दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बरोबर एक सेकंद नसतं. कधी ते ९६० मिलिसेकंद असतं, कधी १०३०, कधी ९९०. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ होतात. हे कमीजास्त होणं दोष नाही. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला ब्रेक लावते आणि सोडते, त्याची ती खूण आहे. विश्रांतीत हा ब्रेक चांगला लागतो, म्हणून अंतरातला फरक वाढतो आणि HRV चा आकडा मोठा येतो. पोट भरलेलं असताना हा ब्रेक ढिला पडतो आणि शरीराला कामाला लावणाऱ्या नसांचा जोर वाढतो. मग ठोके जलद होतात आणि जवळजवळ एकसारख्या अंतराने पडतात. म्हणून नाडी वर आणि HRV खाली, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. या बाईंची आठवड्याची सरासरी होती नाडी ७०, HRV २२ ms.

पुढच्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट बदलली. कामावरून सात वाजता आल्यावर त्या चहा-टोस्ट खायच्या. त्याऐवजी साडेसातला भाकरी, भाजी, डाळ असं खरं जेवण करायचं ठरलं. रात्री सगळ्यांबरोबर बसायचं असेल तर वाटीभर वरण-भात, तोही दहाच्या आत. उरलेला भात सकाळी फोडणीला. झोपायची वेळ तीच ठेवली, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

चौथ्या दिवसापासून आलेख झोळीसारखा दिसू लागला. सर्वांत कमी नाडी आता अडीचच्या सुमारास, ५८. रात्रीची सरासरी ६४, HRV ३१. मधे एका हळदीला रात्री साडेअकराला बिर्याणी झाली, त्या रात्री पुन्हा ७२ आणि २०. दुसऱ्या दिवशी लवकर जेवल्या आणि आकडे परत जागेवर आले. जेवण उशिरा गेलं की आकडा चढतो आणि लवकर झालं की उतरतो, हे असं दोन्ही बाजूंनी दिसलं तेव्हा मला कारणाची खात्री पटली.

पण एका रात्री लवकर जेवूनही नाडी ७१ आली. सकाळी घसा दुखत होता आणि संध्याकाळी ताप भरला. म्हणजे हे आकडे फक्त जेवणाने हलत नाहीत. ताप, दारू, जागरण, खूप उकाडा, पाळी येण्याआधीचे दिवस, यांनीही नाडी वाढते. म्हणून एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका, निदान आठवडाभराची सरासरी बघा. बँड सैल बांधला तरी आकडे चुकतात. आणि आईची तुलना मुलीशी करू नका. HRV वयाप्रमाणे कमी होतो आणि माणसागणिक वेगळा असतो. तुमची तुलना तुमच्याच मागच्या आठवड्याशी.

ज्यांच्या घरात कुणी साडेदहालाच कामावरून परततं, त्यांनी उपाशी झोपू नये. संध्याकाळी सहा-सातला डब्यातली पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर थोडंसंच खावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ किंवा प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते आणि ते जिवावर बेततं.

एक गोष्ट बँड सांगणार नाही. स्वस्थ बसलेलं असताना नाडी वारंवार शंभराच्या वर जात असेल, ठोके चुकल्यासारखे वाटत असतील, छातीत दाब, दम किंवा चक्कर येत असेल, तर ते जेवणाच्या वेळेवर ढकलू नका. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी निघा.

त्या घरात आता भाकरी साडेसातला होते. पहिली भाकरी आईच्या ताटात पडते, मुलगी ती स्वतः वाढते. बँड तिने परत घेतला, कारण आता त्याची गरज उरली नाही.